लिफ्टवाल्याला नोटीस द्यायला आपण इतके का लाजतो?

लिफ्टच्या देखभालीचा करार पुढे नको, हे कळवणारं पत्र तीन दिवस उशिरा पोचलं, त्यापायी आमच्या सोसायटीने ३७,७६० रुपये जास्त मोजले. ती गोष्ट सांगते. मार्च जवळ आला की ‘करार आपोआप वर्षभर पुढे गेला’ अशा चिठ्ठ्या डोंबिवलीतल्या निम्म्या बिल्डिंगांत पोचत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची सात मजली इमारत, २८ फ्लॅट, दोन लिफ्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी कमिटी आली आणि खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. (कारण बँकेतून निवृत्त झालेली मी एकटीच. आपल्याकडे एवढी पात्रता पुरते.) त्या वर्षी लिफ्टने छळ मांडला होता. वीज गेली की एआरडी लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं ना, ते चालायचंच नाही. बॅटरी मेलेली. आमची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे सुटे भाग कंपनीकडेच. तरी बॅटरीसाठी तीन महिने नुसतं ‘येतेय, येतेय’. २२ डिसेंबरच्या रविवारी मीटिंग झाली आणि ३१ मार्चला करार संपला की कंपनी बदलायची असं ठरलं.

तोवर करार कोणी वाचला नव्हता. मूळ प्रत आधीच्या सेक्रेटरी काकांच्या माळ्यावर होती, दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्याखाली. ती हाती आली २६ तारखेला. अकराव्या पानावरच्या कलमाचा आशय असा: कराराची मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी, नूतनीकरण नको असल्याची लेखी सूचना कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला न मिळाल्यास करार त्याच अटींवर, १० टक्के वाढीव दराने, आणखी एक वर्ष पुढे चालू राहील.

हे एकच वाक्य नीट उलगडलं असतं तरी आमचे पैसे वाचले असते.

पहिली गोष्ट ९० दिवस. कॅलेंडर घ्या आणि मागे मोजा. मार्चचे ३१, फेब्रुवारीचे २८, जानेवारीचे ३१, झाले बरोबर ९०. म्हणजे अख्खा जानेवारी ते मार्च हा काळ मोकळा सुटला पाहिजे आणि सूचना ३१ डिसेंबरपर्यंत तिकडे पोचली पाहिजे. ‘किमान ९० दिवस आधी’ या शब्दांवर वाद घालायला वकिलांना फार आवडतं, सूचनेचा दिवस आणि शेवटचा दिवस धरायचे की सोडायचे यावर. तेव्हा एक दिवस पदरचा सोडून ३० डिसेंबर धरावी. आमच्यातल्या एकाने ‘तीन महिने म्हणजे साधारण जानेवारीचा पहिला आठवडा’ असा हिशेब केला होता. ‘साधारण’ हा शब्द करारात कुठेच नव्हता.

दुसरी गोष्ट ‘मिळाल्यास’. पाठवल्यास नव्हे, मिळाल्यास. काही करारांत सूचना पोस्टात टाकली की दिली असं धरतात, आमच्यात तसं नव्हतं. तिसरी गोष्ट नोंदणीकृत कार्यालय. आमचे सगळे व्यवहार ठाण्याच्या ब्रांचशी. मेकॅनिक तिथला, बिलं तिथली, चहा प्यायला येणारे सेल्सचे साहेब तिथलेच. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात, पत्ता पहिल्या पानावर बारीक अक्षरात.

मग आम्ही काय केलं? २४ तारखेला, करार हातात यायच्याही आधी, मेकॅनिकला तोंडी सांगितलं. तो म्हणाला, ‘सांगतो मॅडम साहेबांना.’ २६ ला ब्रांचच्या ईमेलवर पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘नोंद घेतली, कळवतो.’ सगळे निश्चिंत. २८ डिसेंबरला, शनिवारी, माझ्याच मनात पाल चुकचुकली म्हणून नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्ट केलं. ते पोचलं ३ जानेवारीला. ट्रॅकिंगवर तारीख स्पष्ट.

जानेवारीच्या मध्यावर पत्र आलं. सूचना मुदतीनंतर मिळाली, करार ३१ मार्च २०२६ पर्यंत पुढे गेला आहे, सोबत प्रोफॉर्मा बिल. दोन लिफ्टचे जुने १,३६,००० रुपये, त्यावर १० टक्के वाढ म्हणून १,४९,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,७६,५२८. तोवर दुसऱ्या परवानाधारक कंत्राटदाराचं कोटेशन आमच्या हातात होतं: दोन्हींचे १,०४,०००, जीएसटी धरून १,२२,७२०.

मीटिंगमध्ये एक काका तावातावाने म्हणाले, ‘आपण गप्प बसलो म्हणजे होकार दिला, असा कुठला कायदा?’ प्रश्न चांगला होता. कोणी आपल्याला परस्पर पत्र लिहून ‘उत्तर आलं नाही तर करार झाला असं समजू’ म्हणालं, तर गप्प राहण्याने आपण बांधले जात नाही. पण इथे ‘आम्ही गप्प राहिलो तर तो होकार समजा’ हे आपणच सही करून लिहून दिलेलं होतं. ती सही याच काकांची होती, चार वर्षांपूर्वीची. ते मी बोलले नाही. त्यांना स्वतःलाच आठवलं असावं, कारण नंतर ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही कामाच्या निघाल्या. एक, बिल भरू नका आणि १ एप्रिलनंतर त्यांच्या मेकॅनिककडून मुकाट्याने सर्व्हिसिंगही करून घेऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वागणुकीतूनही स्वीकृती होते, मग वाद घालायलाच जागा उरत नाही. दोन, करार मोडला असं धरलं तरी कंपनीला अख्ख्या वर्षाची रक्कम आपोआप मिळत नाही. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते आणि मिळते ती वाजवी भरपाई. जी सेवा दिलीच नाही, जो मेकॅनिक आलाच नाही, त्याचा पूर्ण पगार आमच्याकडून कसा मागणार?

पण कोर्टात जायची हौस कोणाला? आणि दोन लिफ्ट कंत्राटदाराविना ठेवता येत नाहीत, राज्याच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याखाली देखभाल परवानाधारकाकडेच हवी. शिवाय लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरचा पासवर्ड जुन्या कंपनीकडे. नवा कंत्राटदार सरळ म्हणाला, ‘पासवर्ड नसेल तर मला फॉल्ट कोड दिसणार नाहीत. मी दार आणि दोर बघीन, कंट्रोलरला हात लावणार नाही.’ ही अडचण निघायच्या वेळी कळते, म्हणून आधीच लिहून ठेवते: नोटिशीतच मागून घ्या. कंट्रोलरचा पासवर्ड, वायरिंगचा नकाशा, मशीनरूमच्या किल्ल्या, लॉगबुक, आणि शेवटच्या पंधरवड्यात दोन्ही कंत्राटदारांसमोर संयुक्त पाहणी. नाहीतर एप्रिलमध्ये दोर झिजलेला सापडला की जुना म्हणतो आमच्या वेळी ठीक होता आणि नवा म्हणतो मी तर आत्ताच आलो.

शेवटी तडजोड झाली. ‘नोंद घेतली’ हे त्यांचं २७ डिसेंबरचं ईमेल मुदतीच्या आतलं होतं. आमच्या हातात तेवढा एकच हुकमाचा पत्ता होता, तो आम्ही खेळलो. १० टक्के वाढ गेली, जुनाच दर राहिला, १,६०,४८० रुपये. एआरडीच्या बॅटऱ्या आठवड्यात आल्या. कलम काढायला ते तयार नव्हते, पण ९० चे ३० दिवस झाले आणि सूचना ईमेलनेही चालेल असं लेखी मिळालं. नव्या कोटेशनपेक्षा ३७,७६० जास्त गेले. २८ घरांत वाटले तर घरटी साधारण १,३५० रुपये. मेंटेनन्समध्ये कोणाला कळलंही नाही. मला मात्र कळलं, हिशेब मीच लिहिते.

आता माझं खरं म्हणणं. आपल्याकडे नोटीस म्हणजे भांडण असा समज आहे. ‘इतकी वर्षं येतोय बिचारा, त्याला नोटीस कशी पाठवायची?’ हे वाक्य मी त्या महिन्यात पाचदा तरी ऐकलं. अहो, मेकॅनिकला पाठवायचीच नाहीये. नूतनीकरण नको एवढं कळवणारं पत्र म्हणजे आरोपपत्र नव्हे. त्यात तक्रार लिहायचीही गरज नाही, उलट लिहूच नये, नाहीतर उत्तर तक्रारीला येतं आणि मूळ मुद्दा राहून जातो. पुढच्या वर्षीचं आमचं पत्र चार ओळींचं होतं: अमुक क्रमांकाचा करार दि. ३१ मार्च २०२६ रोजी संपत आहे. कलम अमुक अन्वये, त्याचे नूतनीकरण करण्याची सोसायटीची इच्छा नाही, ही त्याची सूचना समजावी. पुढील कालावधीसाठी आपला नवा प्रस्ताव विचारार्थ पाठवता येईल. पोच द्यावी. खाली सेक्रेटरी आणि चेअरमनच्या सह्या, शिक्का, सोबत कमिटीच्या ठरावाची प्रत. ‘आम्ही विचार करतोय’, ‘बहुधा पुढे चालू ठेवणार नाही’ असलं काही लिहायचं नाही. ती सूचना ठरत नाही.

मी तर म्हणते, कंपनी आवडत असली तरी पाठवा. दरवर्षी. आपोआप पुढे जाणाऱ्या करारात भाव कमी करायला त्यांना कारणच नसतं.

हे आम्ही करून पाहिलं. ५ जानेवारी २०२६ ला ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही, दोन्ही पत्त्यांवर. (जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं. करारात ‘रजिस्टर्ड’ लिहिलेलं असेल तर पोच मिळणारी सेवा मागून घ्या आणि पावती फाईलला लावा.) आठ दिवसांत ठाण्याचे तेच साहेब हजर. लिफ्टमागे ६८,००० चे ५६,०००. जीएसटी धरून दोन्हींचे १,३२,१६०. तीच कंपनी, तोच मेकॅनिक, तेच सुटे भाग. नव्या कोटेशनपेक्षा साडेनऊ हजार जास्त, पण पासवर्डची भानगड नाही आणि वर्षभर बॅटऱ्याही चालल्या होत्या, म्हणून आम्ही राहिलो. या वेळी आपोआप नूतनीकरणाचं कलम खोडून घेतलं आणि खोडलेल्या जागी दोन्हीकडच्या सह्या घेतल्या.

सॉफ्टवेअरचंही असंच असतं, फक्त तिथे पैसे कार्डावरून जातात. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पैसे आपोआप कापायचं मँडेट मी बँकेत बंद केलं आणि सुटले असं वाटलं. महिन्याभराने थकबाकीचं बिल आलं. पैसे थांबवले म्हणून करार संपत नाही, तिथेही मुदतीत लेखी कळवावंच लागतं. आणि खातं बंद व्हायच्या आधी आपली लेजरं एक्सेलमध्ये उतरवून घ्या. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही, मिटलं की लिहीन.

जाता जाता, आधीच्या सेक्रेटरी काकांनी आता जनरेटर, सीसीटीव्ही आणि पाण्याचे पंप अशा तिन्ही करारांच्या शेवटच्या तारखांतून दिवस मागे मोजून घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेत. पंपाचा गोल गणपतीच्या दिवसात येतोय. काकू विचारत होत्या, त्या दिवशी कोण जेवायला येणार आहे म्हणून.