समरी स्लाइड आणि एका मिनिटाचा कॅच-अप : एका प्रतिक्रियेला उत्तर

मीटिंगला उशिरा आलेल्या मॅनेजरला तोपर्यंत काय झालं ते एका मिनिटात सांगायचं, म्हणजे कॅच-अप द्यायचा, आणि तो डेकवरून, म्हणजे मीटिंगच्या स्लाइड्सवरून, आधीच लिहून ठेवायचा, असं मी एका लेखात म्हटलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया :

"लेख वाचला पण पटला नाही. प्रत्येक डेकला समरी स्लाइड असतेच, ती वाचून दाखवली की तीस सेकंदात काम झालं. मॅनेजर नक्की कधी जॉइन होणार हेच माहीत नसतं, मग आधी लिहून कसं ठेवणार? आणि लिहिलेलं बोललं की पाठांतर वाटतं ते वेगळंच."

नमस्कार, तुमचा मधला प्रश्न एकदम योग्य जागी लागलाय आणि माझ्या लेखात त्याचं उत्तर खरंच नव्हतं, म्हणून इथे जरा लांब लिहिते.

पण आधी समरी स्लाइडचं बघू. ती स्लाइड मीटिंगच्या आदल्या दिवशी केलेली असते. मॅनेजर वीस मिनिटं उशिरा आल्या तर त्यांचं डेक चुकलेलं नसतं, डेक त्यांच्या मेलमध्ये आहेच. त्यांची चुकलेली असतात ती वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत कोणीतरी एखाद्या आकड्यावर शंका घेतली, एखादी तारीख हलली, एका गोष्टीला सगळ्यांनी हो म्हटलं, आणि यातलं काहीच समरी स्लाइडवर नाही. उलट ती वाचून दाखवली तर पंधरा मिनिटांपूर्वी बदललेली तारीख तुम्ही जुनीच सांगता आणि खोलीतले बाकीचे एकमेकांकडे बघायला लागतात.

हे हवेत नको म्हणून माझ्याच एका मीटिंगचं सांगते. कस्टमर सपोर्टच्या तक्रारी जुन्या सिस्टिममधून नवीन सिस्टिममध्ये न्यायच्या होत्या, डेक १६ स्लाइडचं. क्रम नेहमीचा : आधी पार्श्वभूमी, मग ट्रायलचा निकाल, मग दोन पर्याय (सगळ्या टीम एकदम हलवायच्या की एकेक करून), मग आमची शिफारस, मग टीमचा क्रम, आणि १४ नंबरच्या स्लाइडवर मॅडमकडून हवी असलेली परवानगी, की जुनी सिस्टिम अजून एक महिना फक्त बघण्यापुरती चालू ठेवायची का. मॅडम आल्या तेव्हा आम्ही ९ वर होतो. तोपर्यंत पर्याय ठरला होता, आणि डेकवर ५ तारीख लिहिलेली सुरुवात १२ तारखेवर गेली होती, कारण टेस्टिंगवाल्याने तिथेच सांगितलं की जुन्या तक्रारींना जोडलेल्या फाइल्स नवीन सिस्टिममध्ये उघडत नाहीयेत.

आता तुमचा प्रश्न, की आधी काय लिहिणार. सगळं नाहीच लिहायचं. कॅच-अपचे दोन भाग असतात, एक हलत नाही आणि एक हलतो. न हलणारा भाग म्हणजे मॅनेजरकडून आज काय हवंय ते, आणि निर्णयामागचं एक कारण. हे आदल्या दिवशीच माहीत असतं, कारण डेक त्याचसाठी बनवलेलं असतं. हलणारा भाग म्हणजे काय ठरलं, डेकपेक्षा वेगळं काय झालं, आणि आत्ता गाडी कुठे आहे. त्याच्यासाठी मी कागदावर फक्त सुरुवात लिहून जागा मोकळी सोडते : "ठरलंय ते असं...", "डेकमध्ये अमुक दिसेल, ते आता...", "अजून नक्की नाही ते...", "आत्ता आपण...". मीटिंग चालू असताना त्या जागांत दोन-दोन शब्द खरडायचे, पाच सेकंदांचं काम आहे. म्हणजे मॅनेजर कधीही आल्या तरी कागद तयार असतो, कारण तो वेळेला बांधलेलाच नाही. फक्त एक जागा आधी हेरून ठेवायची, डेक वर्णनातून निर्णयाकडे वळतं ती. माझ्या डेकमध्ये ती पर्यायांची स्लाइड होती. त्याच्या आधी मॅनेजर आल्या तर मिनिटभर बोलायची गरजच नाही, "ट्रायलचा निकाल बघतोय, शंभरात तीन तक्रारी नीट आल्या नाहीत, पुढच्या स्लाइडपासून पर्याय" एवढं पुरतं.

त्या दिवशी मी जे बोलले ते जवळपास असं होतं :

"मॅडम, एक मिनिटात सांगते. आज तुमच्याकडून एकच निर्णय हवाय, जुनी सिस्टिम अजून एक महिना फक्त बघण्यापुरती चालू ठेवायची का, तिथे आपण दहा मिनिटांत येऊ. आत्तापर्यंत ठरलंय ते असं, की नवीन सिस्टिमवर सगळे एकदम जाणार नाहीत, एकेक टीम जाईल, तीन आठवड्यांत. कारण ट्रायलमध्ये शंभरातल्या तीन तक्रारी नीट आल्या नाहीत, एकदम गेलो तर त्या शोधून दुरुस्त करायला वेळ मिळणार नाही. डेकमध्ये सुरुवात पाच तारखेला दिसेल, ती आता बारा झालीय, कारण जुन्या तक्रारींना जोडलेल्या फाइल्स उघडत नाहीयेत, हे टेस्टिंगकडून आत्ताच कळलं. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते अजून नक्की नाही, उद्या दुपारपर्यंत कळेल. आत्ता आपण टीमचा क्रम ठरवतोय, पहिली टीम कुठली यावर दोन मतं आहेत."

हे शंभरच्या थोडं वर शब्द आहेत. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचून बघितलंय, माझ्या वेगाला मिनिटात साधारण ११० ते १२० मराठी शब्द नीट जातात, त्याच्या पुढे गेलं की एकतर धावायला होतं नाहीतर मिनिट ओलांडतं. तुमचा वेग वेगळा असेल, एकदा मोजून घ्या, पण मोठ्याने वाचून मोजा, मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

यात क्रम बघा. डेकमध्ये १४ नंबरला असलेली गोष्ट इथे अगदी सुरुवातीला आली. डेकचा क्रम समोरच्याला हळूहळू पटवत नेण्यासाठी असतो, म्हणून निर्णय शेवटी येतो. उशिरा आलेल्या माणसाला आधी हे हवं असतं की माझं इथे काय काम आहे, ते कळलं की पुढचं सगळं तो त्याच कानाने ऐकतो. मी आधीच्या एका मीटिंगमध्ये पार्श्वभूमीपासून सुरुवात केली होती तेव्हा चाळिसाव्या सेकंदाला समोरून "बरं, पण माझ्याकडून काय हवंय?" असं आलं. हा प्रश्न आला की समजायचं क्रम चुकला, माहिती कमी पडली असं नाही.

मथळे वाचून दाखवण्याबद्दलही हेच. "ट्रायलचा निकाल", "पर्यायांची तुलना", "पुढचा आराखडा", या मथळ्यांत क्रियापदच नाही. ते वाचून कशावर बोलणं झालं एवढं कळतं, काय झालं ते कळत नाही. म्हणून डेकवरून कॅच-अप लिहायला बसलात की प्रत्येक मथळ्याला क्रियापद लावून बघा. "निकाल" याचं "शंभरात तीन नीट आल्या नाहीत" होतं, "तुलना" याचं "एकेक टीम न्यायचं ठरलं" होतं. आणि ज्या मथळ्याला क्रियापद लागतच नाही तो बहुतेक वेळा पार्श्वभूमीचा असतो, तो सरळ सोडून द्यायचा. माझ्या पहिल्या चार स्लाइड अशाच गळल्या आणि कोणाचं काही अडलं नाही.

आकड्यांचं थोडं सांगते. ट्रायलच्या तक्त्यात होतं ४०,००० तक्रारी हलवल्या, ३८,८०० बरोबर, १,२०० नाहीत. डोळ्याला हे चालतं. कानाला तीन आकडे एका दमात दिले तर ऐकणारा मनातल्या मनात भागाकार करत बसतो आणि तुमची पुढची दोन वाक्यं हुकतात. म्हणून "शंभरातल्या तीन", आणि कागदावरही मी ते अक्षरातच लिहिते, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. "सहाव्या स्लाइडवरच्या तक्त्यात बघा" हेही नको. मॅडम फोनवरून जॉइन झाल्या असतील तर त्यांच्यासमोर स्क्रीन असेलच असं नाही, आणि असली तरी त्यावर आत्ताची स्लाइड आहे, सहावी नाही.

पाठांतर वाटतं हे तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की लिहिताना आधी बोलायचं आणि मग जे तोंडातून आलं तेच उतरवायचं. "सदर स्थलांतर टप्प्याटप्प्याने करण्याचे निश्चित झाले आहे" असं कोणी बोलत नाही, ते स्लाइडवरून उचललेलं असतं आणि तिथेच पाठांतराचा वास येतो. शिवाय मीटिंगमध्ये मी पूर्ण वाक्यं समोर धरतच नाही, त्या चार सुरुवाती आणि खरडलेले शब्द एवढंच धरते. आदल्या दिवशी पूर्ण लिहून मोठ्याने वाचलेलं असतं त्यामुळे वाक्य आपोआप जुळतं, पण दर वेळी थोडं वेगळं जुळतं.

आता एक गोष्ट जी मूळ लेखात अजिबात नव्हती, आणि मला ती आता सगळ्यात महत्त्वाची वाटते. "ठरलं" हा शब्द फार जपून वापरा. तुम्ही मॅनेजरला सांगत असता पण ऐकत सगळे असतात, आणि तुम्ही ठरलं म्हणालात की ते तिथल्या तिथे ठरल्यात जमा होतं, उशिरा आलेली व्यक्ती ते गृहीत धरून पुढे बोलायला लागते. पहिली टीम कुठली यावर माझं एक मत होतं आणि खोलीत बहुतेकांचा कल तिकडेच होता, पण मी "दोन मतं आहेत" एवढंच म्हटलं, कारण एकाचं समाधान झालेलं नव्हतं. कोणाची दोन मतं ते पण सांगितलं नाही. नाव घेतलं की त्या माणसाला मॅनेजरसमोर लगेच बचाव करत बसावं लागतं, आणि तुमचं एक मिनिट त्याच्या पाच मिनिटांत जातं.

बोलून झाल्यावर मी खोलीकडे बघून विचारते, "काही चुकलं का?" त्या दिवशी टेस्टिंगवाला म्हणाला, बारा ही लवकरात लवकरची तारीख आहे, पक्की नाही. बरोबर होतं त्याचं, मी स्वतःच दुरुस्तीचे दिवस नक्की नाहीत म्हणाले होते तरी तारीख मात्र पक्क्यासारखी सांगितली होती. मॅडमनी लगेच कॅलेंडरवर "१२ किंवा नंतर" लिहिलं आणि आम्ही टीमच्या क्रमाकडे वळलो. हे विचारायचे पाच सेकंद मिनिटात धरलेले नाहीत, ते वेगळे ठेवा.