एका युनिटमागे डिझेल किती जळते? दुकानाच्या जनरेटरचा पूर्ण हिशेब

«डिझेल नव्वद रुपये लिटर, आणि एका लिटरला तीन युनिट निघतात. म्हणजे युनिट तीस रुपयांना पडले. सोलर-बॅटरीला अडीच लाख घालायचे आणि बॅटरी तीन वर्षांत मरते. छोट्या दुकानाला जनरेटरच स्वस्त.»

दुकानदारांकडून असा हिशेब ऐकू येतो. त्यातला लिटरमागे तीन युनिट हा आकडा खोटा नाही, पण तो जनरेटर तीन-चतुर्थांश क्षमतेने चालत असतानाचा आहे, आणि दुकानातला जनरेटर तसा क्वचितच चालतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले एक किराणा दुकान घेऊ. एक डीप फ्रीझर, काचेच्या दाराचा फ्रिज, दिवे, पंखा आणि बिलिंग मशीन मिळून सरासरी भार ६०० वॅट भरतो. मात्र कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त प्रवाह ओढतो, म्हणून दुकानदार ५ केव्हीएचा, म्हणजे सुमारे ४ किलोवॅटचा, जनरेटर घेतो आणि तो जेमतेम १५ टक्के भारावर चालतो. इंजिन नुसते फिरत ठेवायलाच बरेचसे डिझेल लागते, त्यामुळे अशा भारावर तासाला पाऊण लिटर खर्च धरणे वाजवी आहे. तासाभरात वीज मिळते ०.६ युनिट, म्हणजे एका युनिटमागे सव्वा लिटर, आणि नुसत्या इंधनाचेच ११२ रुपये होतात. ज्याला हे पटत नसेल त्याने टाकी काठोकाठ भरावी, जनरेटरच्या आउटपुटवर युनिट मोजणारा मीटर लावावा, तीन तास जनरेटर चालवावा आणि पुन्हा काठापर्यंत भरताना किती डिझेल लागले ते मोजावे. सतत कमी भारावर चाललेल्या इंजिनात डिझेल पुरते जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा, तेलकट ओलावा झिरपू लागतो. तो दिसला तर इंजिन मोठे आणि भार लहान आहे हे ओळखावे.

झाडांच्या पट्ट्यातून जाणाऱ्या लाइनवर वर्षाला ४०० तास वीज जाते असे धरू, म्हणजे दुकानाला २४० युनिट लागतील. डिझेलचे २७,०००, ऑइल-फिल्टरचे ६,०००, एक लाखाचा जनरेटर दहा वर्षे टिकला तर घसाऱ्याचे १०,००० आणि गुंतवलेल्या पैशाच्या व्याजाचे ५,०००, असे एकूण ४८,००० रुपये होतात. युनिट २०० रुपयांना पडले.

बॅटरीबद्दलचे विधान लेड-ॲसिड बॅटरीबाबत बरेचसे खरे आहे, कारण ती वारंवार खोलवर उतरवली की लवकर संपते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजारो चक्रे सहन करते, म्हणून तिच्यासाठी दहा वर्षे धरता येतात. मात्र पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या माळ्यावर ती ठेवली तर हे आयुष्य घटते. तिची जागा खाली, सावलीत आणि हवेशीर ठिकाणी हवी.

आता सोलरचा हिशेब, आणि येथे सोलर विकणाऱ्यांचीही एक चूक दुरुस्त करावी लागते. २ किलोवॅटचे पॅनेल, ३ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची बॅटरी यांना २ लाख ४० हजार धरले, तर घसारा, देखभाल आणि व्याज मिळून वर्षाला सुमारे ३३,००० रुपये होतात. वर्षात २,००० युनिट वापरात आली तर युनिट साडेसोळा रुपयांना पडते आणि हाच आकडा जाहिरातीत जातो. पण त्यातली १,७६० युनिट वीज असतानाची आहेत. ती सरकारी विजेची जागा घेतात, जिचा दर आपल्याकडे कमीच आहे. तो ५ रुपये धरला तर बचत ८,८०० रुपयांची होते. उरलेले २४,२०० रुपये त्या २४० युनिटांवर टाकले पाहिजेत, म्हणजे वीज गेलेल्या वेळचे युनिट सुमारे १०० रुपयांना पडते. हे साडेसोळापेक्षा फार जास्त आहे, तरी जनरेटरच्या निम्मेच आहे.

हे उत्तर सर्वत्र लागू नाही. पणजीच्या बाजारात वर्षाला ५० तासच वीज जात असेल, तर डिझेल आणि ऑइल-फिल्टर दोन्ही कमी लागून जनरेटरचा वर्षाचा खर्च २१-२२ हजारांवर येतो आणि सोलरचा निव्वळ खर्च २३ हजारांच्या आसपास राहतो. तिथे या दोन्हींपेक्षा वीज येईपर्यंत फ्रीझरचे झाकण न उघडणे आणि दिवे-मशीनसाठी छोटा इन्व्हर्टर लावणे शहाणपणाचे आहे.

दुसरी मर्यादा पावसाची. ही बॅटरी ६०० वॅटवर साडेसहा-सात तास पुरते. जुलैच्या दाट ढगांत दोन किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चारेक युनिटच देतील, आणि वीजही दोन-तीन दिवस आली नाही तर बॅटरी भरणार कशातून? मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात असे दिवस दाखवले आहेत. ज्या दुकानात मासे किंवा आइस्क्रीमचा साठा मोठा आहे, त्याने सोलरसोबत इन्व्हर्टरला जोडता येईल असा लहान जनरेटर ठेवावा, आणि तो फक्त बॅटरी भरण्यासाठी, जवळजवळ पूर्ण भारावर, दिवसातून दोनतीन तास चालवावा. अशा वापरातच लिटरमागे तीन युनिटांच्या जवळ जाता येते.