‘ईएसआय हाताळले’ म्हणजे नेमके काय केले?

‘एचआर जनरलिस्टसाठी अर्ज करताय? जाहिरातीतले पीएफ, ईएसआय, पेरोल, रिक्रूटमेंट हे शब्द रेझ्युमेत जसेच्या तसे टाका. कायद्याचं काम कन्सल्टंट बघतो, पगार सॉफ्टवेअर काढतं. भरतीचा आकडा मोठा लिहा, कॉल नक्की!’

हा संदेश वाचून माझ्या भाचीने आपल्या रेझ्युमेतील एकमेव कामाची ओळ खोडली आणि तिथे ‘ईएसआय कम्प्लायन्स हाताळले’ असे लिहिले. अर्ज चाकणच्या एका कारखान्यासाठी होता. अशा अर्जांची चाळणी मी स्वतः करतो, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

शब्दांबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. काही ठिकाणी पहिली गाळणी सॉफ्टवेअर लावते आणि जाहिरातीतला शब्द सापडला नाही तर अर्ज मागे पडतो. पण त्यानंतर तो माणूसच वाचतो.

खरा घातक भाग कन्सल्टंट आणि सॉफ्टवेअरचा आहे. समजा, 20,500 रुपये पगाराच्या कामगाराला जूनपासून 22,000 मिळू लागले. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, पगारमर्यादा 21,000 रुपयांची, म्हणून नवखा माणूस जूनपासूनच कपात थांबवतो. परंतु 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 2(9) मधील परंतुकाने घालून दिलेला नियम असा, की अंशदानाचा कालावधी सुरू झाल्यानंतर पगार मर्यादेबाहेर गेला, तरी तो कालावधी संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो. हा कालावधी एप्रिल ते सप्टेंबरचा, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत दरमहा कामगाराचे 165 आणि मालकाचे 715 रुपये भरावेच लागतात. चार महिन्यांचे 3,520 रुपये थकले तर ते व्याजासह मालकाकडूनच वसूल होतात, कन्सल्टंटकडून नव्हे. त्याहून वाईट म्हणजे, आजारपणातील रोख लाभासाठी त्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान लागते आणि एप्रिल-मे मिळून फार तर 61 दिवस भरतात. जानेवारीत तो कामगार आजारी पडला, की ही चूक त्याच्या घरात कळते. कन्सल्टंट आपण पाठवलेल्या तक्त्यावरूनच चलन भरतो आणि कर्मचाऱ्याच्या नोंदीत कोणी ‘ईएसआय लागू नाही’ असे केले, तर सॉफ्टवेअर तेही निमूटपणे मान्य करते.

भरतीच्या आकड्याबद्दल एवढेच सांगतो, की महिन्यात साठ कंत्राटी ऑपरेटर आणणे आणि टूलरूमसाठी दोन कारागीर शोधणे या वेगळ्या गोष्टी आहेत; पद न लिहिलेला आकडा मी धरतच नाही.

भाचीने खोडलेली ओळ अशी होती: ‘140 कामगारांचा हजेरीपट आणि ईएसआयची मासिक विवरणे दरमहा जुळवली, पगारवाढीनंतर कपात चुकीने थांबलेली तीन नावे शोधून 15 तारखेच्या आत चलनात घेतली.’ ती ओळ मी तिला पुन्हा, अगदी वर, लिहायला लावली आहे.