कंबर कुठाय ते आधी विचारा तरी!

काल पुन्हा तेच झालं. दादरच्या एका दुकानात कुर्ती घ्यायला गेले आणि ट्रायल रूममध्ये डोकं आणि एक हात आत, बाकी सगळं बाहेर, अशा अवस्थेत दहा मिनिटं अडकले. बाहेरून विक्रेती मुलगी गोड आवाजात विचारतेय, "ताई, बसला का?" नाही गं बाई, बसला नाही. अडकला.

माझा बांधा सफरचंदी. खांदे अरुंद, छाती भरलेली, हातपाय काडीसारखे आणि सगळा ऐवज मधोमध. टेपने सांगायचं तर खांदा साडेचौदा इंच, छाती 40, पोट 41, सीट 40. म्हणजे मला कंबर नाहीच. जिथे इतर बायकांना कंबर असते तिथे माझा सगळ्यात मोठा घेर आहे. पण तयार कपडे शिवणाऱ्यांच्या जगात प्रत्येक बाईची कंबर छातीपेक्षा चार इंच कमी असतेच! चिडून मी काल पर्समधला टेप काढला (हो, मी टेप घेऊन फिरते, हसा) आणि तिथेच मापं घेतली. एक्सएल कुर्ती छातीत 42, कंबरेत 38. डबल एक्सएल 44 आणि 40. थ्री एक्सएल 46 आणि 42. साइज वाढला की सगळीकडे सरसकट दोन इंच वाढ, आकार मात्र तोच डमरूचा.

आणि त्यावर उपाय काय सांगतात? "ताई, एक साइज मोठा घ्या ना, सैल छान दिसतो." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थ्री एक्सएल घातली तर खांद्याची शिलाई दंडावर उतरते, मुंढा एवढा खोल की आतलं सगळं दर्शन, गळा पुढे वाकलं की लोंबतो. आणि पोटावर? 41च्या पोटाला 42चा कपडा, म्हणजे फक्त एक इंच जागा. बसलं की तीही संपली, कारण बसल्यावर माझं पोट 43 होतं. बसून माप घ्यायचं असतं हे या लोकांना कोणी सांगितलंच नाही का? आम्ही काय कुर्ती घालून दिवसभर उभ्याच असतो?

मग पुढची गंमत. पोटाने कापड वर उचललं की पुढचा काठ मागच्यापेक्षा इंच-दीड इंच वर जातो आणि बाजूचे कट फाकतात. कट नेमका पोटाच्या रेषेत सुरू होत असेल तर विचारूच नका, पुढचा पल्ला पडद्यासारखा तरंगत राहतो. आपली कुर्ती अशी दिसत असेल तर दोष कापणाऱ्याचा आहे, तुमच्या पोटाचा नाही. पुढचा भाग इंचभर लांब कापायचा आणि कट पोटाच्या खाली, सीटपाशी सुरू करायचा, एवढंच लागतं.

आता म्हणाल, एम्पायर लाइन घे, तिची शिलाई छातीखाली असते, पोट झाकलं जातं. अगदी बरोबर, पण ती शिलाई खरंच छातीखाली असली तर! भरलेल्या छातीला खांद्यापासून छातीखालपर्यंत मला साडेतेरा-चौदा इंच लागतात. दुकानातल्या कुर्तीत योक संपतो अकरा इंचांवर, म्हणजे छातीच्या ऐन मध्यावर. तिथून चुण्या सुटतात, पोटावरून तंबूसारख्या फुगतात आणि सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये विचारतात, "काय गं, काही गोड बातमी?" काकू, बातमी एवढीच आहे की शिलाई अडीच इंच वर आहे. त्यातल्या त्यात कंबरेला इलॅस्टिक घातलेले टॉप तर मला सरळ अपमान वाटतात. पोटाच्या सगळ्यात रुंद भागावर दोरी बांधून तो भाग दोन करून दाखवायचा, याला स्टाइल म्हणतात म्हणे.

कापडाबद्दल तर बोलायलाच नको, तरी बोलते. पातळ रेयॉनची कुर्ती हँगरवर काय सुंदर झुलते! अंगावर आली की प्रत्येक वळी मोजून दाखवते, आणि दोन धुण्यांनंतर तर बनियनसारखी चिकटते. होजिअरीचं ताणलं जाणारं कापड त्याहून वाईट, ते पोटावर ताणतं आणि पोटाच्या खाली पुन्हा आकसतं. मुंबईच्या घामात सिंथेटिक जॉर्जेट पाठीला आणि पोटाला डकवल्यासारखं बसतं. उलट टोकाला कडक खादी, खळ लावलेला सुती कपडा. तो चिकटत नाही हे खरं, पण पोटापासून दूर उभा राहून पोटाचा परीघ आणखी वाढवतो.

मी आता एकच चाचणी करते. मूठ घट्ट आवळायची, कापड तिच्यावर टाकायचं. बोटांची हाडं दिसली तर ते कापड पोट दाखवणारच. मुठीवरून तंबू झाला तर तेही नको. मुठीवरून घरंगळत खाली सरळ पडलं, की ते आपलं: मध्यम वजनाचं कॉटन-लिनन, जरा जाड क्रेप, नीट विणलेलं मऊ कॉटन. अस्तरही बघावं. रेयॉनखाली सुती अस्तर असलं की दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि चालताना पोटावर गोळा होतात. आत गुळगुळीत अस्तर असलं की वरचं कापड सुटं राहतं. हे विक्रेत्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, धुतल्यावर मऊ होईल." काय मऊ होईल? मी?

शेवटी टेलरकाकांकडे. त्यांचाही हट्ट की कंबरेला टक्स हवेतच, "नाहीतर शेप येत नाही ताई." दोन वर्षं भांडले तेव्हा कुठे पटलं. आता माझं माप असं लिहून दिलंय: खांदा माझा, साडेचौदाच. छाती 43. टक फक्त बगलेजवळून छातीकडे येणारा, म्हणजे वरती अंगाला बसेल. कंबरेचे टक्स रद्द. छातीखालून कापड सरळ, किंचित घेर देत खाली, पोटावर 46. म्हणजे बसल्यावरही तीन इंच मोकळे. गळा व्ही. लांबी गुडघ्याच्या वर, कारण पाय बारीक आहेत आणि देवाने निदान तेवढं दिलंय तर दिसू दे की. खाली सरळ पँट, तीही पुढे सपाट पट्टी आणि इलॅस्टिक फक्त मागे, नाहीतर लेगिंगची कड पोटावर रुतून कुर्तीतून वेगळी वळी उठते.

हे असं शिवलेली एक कुर्ती आहे माझ्याकडे. निळी. ती घातली की लोक विचारतात, "बारीक झालीस का?" वजन तेच, ग्रॅमभर कमी नाही. एकच कुर्ती आहे आणि ती आता कोपरात विरलीय. दुसरी शिवायला टाकायची म्हणून काल दुकानातून तणतणत थेट काकांकडे गेले, कापड हातात, मापं कागदावर.

काका म्हणाले, "लग्नसराई आहे ताई. दिवाळीनंतर सहा महिने ब्लाउजच ब्लाउज. तोवर एखादी तयार घ्या ना, एक साइज मोठी."