नववीचं सारांशलेखन : आधी वाक्यं खोडा, मग शब्द

नववीच्या मुलांना आपण सांगतो, 'उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा.' कसा, ते सांगत नाही. मग मुलं पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक उतरवून मोकळी होतात. माझं स्पष्ट मत आहे की सारांश फळ्यावर, मुलांच्या डोळ्यांदेखत खोडत खोडत शिकवायला हवा.

मी हा उतारा घेते :

"सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप मोठ्या प्रमाणात आढळते. डोंगरदऱ्या, गडकिल्ले, पायवाटांच्या कडा अशा सगळीकडे ती पसरलेली असते. ही कारवी दरवर्षी फुलत नाही. साधारण सात वर्षांतून एकदाच फुलते. त्या वर्षी जणू डोंगराने जांभळी शाल पांघरली आहे असे वाटते. फुले येऊन बी धरले की ते झुडूप वाळून मरते. त्याच्या वाळलेल्या काठ्या गावांत कुडाच्या भिंतींसाठी वापरल्या जातात."

शब्द 54. म्हणजे जायचंय 18 पर्यंत.

पहिल्या फेरीत फक्त अख्खी वाक्यं खोडायची, सुट्या शब्दांना हात लावायचा नाही. दुसरं वाक्य पहिल्याचाच विस्तार आहे, ते जातं. जांभळ्या शालीचं वाक्य मात्र मुलं सोडत नाहीत. "मॅडम, तेच तर छान आहे!" छान आहेच, पण ते काढल्यावर कारवीबद्दलची कुठली माहिती कमी झाली, असं विचारलं की तीच खडू घेऊन खोडतात. उरले 35.

दुसऱ्या फेरीत शब्द. 'दरवर्षी फुलत नाही' आणि 'सात वर्षांतून एकदाच फुलते' यांतलं एकच पुरे. 'नावाचे', 'मोठ्या प्रमाणात', 'ही कारवी' हेही जातात. उरले 27. इथे हमखास एक चूक होते : 'साधारण' खोडलं जातं. दिसायला भरतीचा शब्द, पण तो गेला की अंदाजाचा पक्का नियम होतो. म्हणून प्रत्येक खोडलेल्या शब्दानंतर वाक्य मोठ्याने वाचायला लावते.

तिसऱ्या फेरीत फळा पुसायचा. हे टाळलं तर सारांश म्हणजे मूळ वाक्यांची ठिगळं होतात. आठवेल तेवढं स्वतःच्या वाक्यांत जोडून लिहायचं : "सह्याद्रीत आढळणारी कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते, बी धरल्यावर वाळून मरते, तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी वापरतात." सतरा शब्द.

जमलं का, हे तपासायला त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाला फक्त सारांश वाचायला देते. कारवी किती वर्षांनी फुलते, नंतर तिचं काय होतं, हे त्याला सांगता आलं पाहिजे.

ही रीत माहितीपर उताऱ्याला चपखल बसते. वैचारिक उताऱ्यात मात्र खोडायला सुरुवात करण्याआधी 'पण', 'तरीही', 'म्हणून' यांना गोल करून घ्या. लेखकाचं मत बहुतेकदा 'पण'च्या पुढे असतं आणि घाईत मुलं नेमका तोच भाग खोडून, लेखकाला जे मान्य नाही तेच सारांशात ठेवतात.