मुलीच्या लग्नाचा मेसेज : एक नको, दोन लिहा

लग्नाचं निमंत्रण मोबाइलवर पाठवताना बहुतेक आईवडील एकच मजकूर लिहितात आणि तोच आत्याला, तोच ऑफिसच्या साहेबांना धाडतात. माझं स्पष्ट मत आहे की इथेच गडबड होते. नात्यातल्यांना तो मेसेज परका वाटतो आणि ऑफिसमधल्यांना कोड्यात टाकतो. पाच-सहा ओळींचे दोन मेसेज लिहायला पंधरा मिनिटं पुरतात.

नात्यातल्यांसाठी असा (नावं आणि तारीख उदाहरणादाखल):

"मृणालचं लग्न ठरलंय! रविवार, १४ फेब्रुवारी २०२७. सकाळी ११ वाजता लग्न लागेल, मग जेवण. तुम्ही सगळ्यांनी यायचंच, आणि आदल्या संध्याकाळी आलात तर अजून बरं. घरचं कार्य आहे, तुमच्याशिवाय पुरं कसं होईल? – सुनीता आणि विजय"

ऑफिससाठी:

"नमस्कार. आमची मुलगी मृणाल हिचा विवाह अनिकेत यांच्याशी रविवार, १४ फेब्रुवारी २०२७ रोजी सकाळी ११ वाजता आहे. लग्नानंतर जेवण. आपण जोडीदारासह आवर्जून यावं, आम्हाला फार आनंद होईल. – विजय (लेखा विभाग) आणि सुनीता"

फरक नीट बघा. नात्यातल्यांना 'मृणाल' म्हटलं की पुरतं. ऑफिसमधल्यांना ती मुलगी की पुतणी हेही ठाऊक नसतं, म्हणून तिथे 'आमची मुलगी' हवंच. सहीत आधी त्याचं नाव, ज्याला समोरचा ओळखतो, आणि सोबत विभाग. नंबर सेव्ह नसेल तर पडद्यावर नुसते आकडे दिसतात, आणि खाली फक्त 'आपले नम्र' असेल तर लग्न कोणाकडे हे शोधण्यात निमंत्रण वाया जातं.

आता 'सपत्नीक'. छापील पत्रिकेतून हा शब्द उचलून मेसेजात चिकटवला जातो आणि तोच ऑफिसमधल्या बाईंनाही पोचतो! 'जोडीदारासह' सगळ्यांना चालतं. मुलांसकट बोलवायचं असेल तर 'सहकुटुंब' लिहा. जागा मोजकी असेल तर मात्र तो शब्द नकोच, कारण त्याचा अर्थ जो तो आपल्या घरातली माणसं मोजून लावतो. आणखी एक खोड म्हणजे पहिल्या ओळीत 'आपण', तिसरीत 'तुम्ही' आणि शेवटी 'या ना'. एक धरला की शेवटपर्यंत तोच.

सुरुवात लांबवू नका. फोनवर सूचना येते तेव्हा मजकुराच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या जागी कविता किंवा फुलांच्या चित्रांची रांग असेल, तर हे लग्नाचं निमंत्रण आहे की सुप्रभात हे कळतच नाही.

तारखेबरोबर वार लिहा आणि तो कॅलेंडरशी ताडून पाहा. वार आणि तारीख जुळत नसली की माणसं वारावर विश्वास ठेवतात आणि चुकीच्या दिवशी तयार होतात. महिना अक्षरात हवा. ०५/०४ हे परदेशातला भाचा ४ मे असं वाचू शकतो. 'येत्या रविवारी' तर नकोच. मेसेज चार दिवसांनी उघडला तर 'येता' रविवार बदललेला असू शकतो.

ठिकाणासाठी सभागृहाचं नाव आणि नकाशाची लिंक खाली वेगळ्या ओळीत द्या. घरी बसून 'करंट लोकेशन' पाठवलं तर पाहुणे तुमच्या घरी पोचतील, आणि 'लाइव्ह लोकेशन' जास्तीत जास्त आठ तासांत बंद पडतं. नकाशावर सभागृह शोधून त्याची लिंक घ्या आणि दुसऱ्या फोनवर उघडून बघा.

पाठवायची पद्धतही महत्त्वाची. आलेला मेसेज पुढे ढकलला की त्यावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का येतो आणि आपुलकी तिथेच संपते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट सोयीची असते. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात आणि प्रत्येकाला मेसेज स्वतंत्रच दिसतो. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि असे लोक नेमके ऑफिसमध्येच जास्त निघतात. म्हणून पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि 'इन्फो' उघडा. 'डिलिव्हर्ड' किंवा 'रीड' यांपैकी कुठेच ज्यांची नावं दिसत नाहीत, त्यांना एकेकट्याला मेसेज पाठवा. वयस्कर नातेवाइकांना मेसेज पोचला तरी फोन कराच; त्यांच्या लेखी मेसेज म्हणजे कळवणं, बोलावणं फोनवरूनच होतं.