खुलासा: जुनं ट्यूनिंग बेसूर नव्हतं

"पूर्वीची कीबोर्ड वाद्यं बेसूर लागायची, इक्वल टेंपरामेंट आल्यावरच सूर शुद्ध झाले" असा मेसेज फिरतोय.

इक्वल टेंपरामेंट म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून सूर लावणं. खरं तर उलट आहे, आणि हे कानाने तपासता येतं. सी 264 हर्ट्झ धरा. जस्ट इंटोनेशनमध्ये, म्हणजे साध्या गुणोत्तरांनी सूर लावले की, त्याच्यावरचा ई 5:4 ने, म्हणजे 330 ला येतो आणि दोन्ही सूर एकमेकांत विरघळतात. इक्वलमध्ये तोच ई 332.6 ला जातो, मग सी-ई एकत्र धरून ठेवलेत की सेकंदाला दहाएक वेळा थरथर ऐकू येते. आपल्याला सवय झालीय एवढंच!

मग जस्ट का नाही वापरायचं? कारण बारा पट्ट्यांत सी मेजर शुद्ध लावला की डी-ए पंचम चांगलाच आखूड पडतो. मीनटोन या जुन्या ट्यूनिंग पद्धतीने वाट काढली ती अशी की पंचम किंचित आखूड करायचे आणि थर्ड, म्हणजे सी-ई सारखी अंतरं, शुद्ध ठेवायचे (क्वार्टर-कॉमा प्रकारात अगदी 5:4). पण तिथे जी शार्प 412.5 ला येतो आणि ए फ्लॅट हवा असतो 422.4 ला, पट्टी मात्र एकच. त्यामुळे ई मेजर सुंदर वाजतो आणि एफ मायनर घेतला की कानाला बोचतो. म्हणून मीनटोन हार्प्सिकॉर्डवर बसण्याआधी तुकड्यात यातला कुठला सूर आहे ते बघाच, ए फ्लॅट असेल तर ती तार वर चढवून घ्या. इक्वलमध्ये सगळ्या स्केल चालतात, पण एकही थर्ड शुद्ध नसतो.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवला असेल त्यांना हे कळवा.